‘माझा फोटो’ म्हणजे नेमका कोणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मराठीत ‘माझा फोटो’ या दोन शब्दांचे निदान तीन अर्थ होतात. ज्यात मी दिसतो तो माझा फोटो. माझ्या कपाटात किंवा माझ्या मोबाइलमध्ये आहे तो माझा फोटो. आणि मी काढला तोही माझाच फोटो. रोजच्या बोलण्यात या तिन्हींची सरमिसळ झाली म्हणून काही बिघडत नाही. पण तो फोटो समोर ठेवून एखादा हौशी चित्रकार चित्र काढतो, ते प्रदर्शनात लावतो, त्याचं कॅलेंडर छापतो, तेव्हा कायदा या तीन अर्थांपैकी एकच विचारात घेतो. आणि तो अर्थ बहुतेकांना वाटतो तो नसतो.

मी वकील आहे. स्वामित्वहक्काची, म्हणजे आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो त्याची कामं गेली बरीच वर्षं करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत मोठ्या कंपन्या असतात तसे रविवारी जलरंग घेऊन बसणारे निवृत्त लोकही असतात. कंपन्यांना निदान आपल्याला काय माहीत नाही ते माहीत असतं. हौशी माणसाची अडचण अशी की, त्याला प्रश्न पडतो तोच मुळी उशिरा, चित्र विकलं गेल्यावर. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ.

समजा, एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत. त्यांना आपण नुसतं काका म्हणू. जलरंगात हात चांगला आहे. त्यांचा शाळेपासूनचा मित्र पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर गेला. सकाळची वेळ, पाठीशी सूर्य, कोकणकड्याच्या समोर दरीत ढग भरलेले, आणि त्या ढगांवर गोल इंद्रधनुष्य उमटलेलं. गिर्यारोहक याला इंद्रवज्र म्हणतात. जन्मभर गडावर जाणाऱ्यांनाही ते क्वचितच दिसतं. मित्रानं फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली लिहिलं, ‘बघ, माझा फोटो. काढ याचं चित्र.’ काकांनी काढलं. सुंदर झालं. आता कायद्याच्या दृष्टीनं काय काय घडलं ते पाहू.

पहिली गोष्ट, फोटोची प्रत आणि फोटोवरचा हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मित्रानं पत्र पाठवलं तर कागद आपला होतो, पण त्यातला मजकूर छापायचा हक्क त्याच्याकडेच राहतो. फोटोचंही तसंच. काकांच्या मोबाइलमध्ये आली ती प्रत. ती ते शंभर वेळा बघू शकतात, पुसून टाकू शकतात. पण त्या फोटोच्या प्रती काढणं, तो लोकांपुढे मांडणं, त्यात फेरफार करून नवी कृती तयार करणं, हे हक्क प्रतीबरोबर आपोआप येत नाहीत. आपल्याकडे १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा आहे. त्याच्या चौदाव्या कलमात हे हक्क सांगितले आहेत आणि कलाकृतीच्या बाबतीत ‘कोणत्याही मूर्त स्वरूपात’ तिची पुनर्निर्मिती करणं हा हक्क त्यात पहिला आहे. फोटोवरून जलरंगातलं चित्र हे असंच एक मूर्त स्वरूप. माध्यम बदललं म्हणजे नक्कल राहिली नाही, असं होत नाही. आणि हो, फोटो कलात्मक असावा लागत नाही. ‘कलाकृती’ या शब्दाच्या व्याख्येत छायाचित्र आहे, आणि त्यात कलागुण असोत वा नसोत असं स्पष्ट म्हटलं आहे. मोबाइलवर सहज टिपलेला फोटोही यात येतो.

मग हा हक्क असतो कोणाकडे? फोटोचा कर्ता म्हणजे तो फोटो काढणारी व्यक्ती, असं कायदा सांगतो. कॅमेरा कोणाचा, मोबाइल कोणाचा, फोटोत कोण आहे, सहलीचा खर्च कोणी केला, याला महत्त्व नाही. इथे आपल्या गोष्टीत एक वळण येतं. काकांनी सहज विचारलं, ‘अरे, तू तर कड्याच्या इतक्या टोकाला कधी जात नाहीस, हा फोटो काढलास कसा?’ तेव्हा मित्र म्हणाला, ‘मी कुठे! माझा पुतण्या पालथा पडून टोकापर्यंत सरकला, माझाच मोबाइल होता, त्यानं काढला.’ म्हणजे ‘माझा फोटो’ हे मित्राचं म्हणणं फक्त दुसऱ्या अर्थानं खरं होतं. पण परवानगी द्यायची ती पुतण्यानं. मित्रानं अगदी मनापासून दिलेली परवानगी कायद्यानं पोकळ आहे, कारण जे त्याचं नाही ते तो देऊ शकत नाही.

मित्राच्या फोटोच्या बाबतीत हा घोटाळा मी सगळ्यात जास्त पाहिला आहे. भांडण मित्राशी होतच नाही. ते होतं आपल्याला माहीतही नसलेल्या तिसऱ्या माणसाशी. त्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भर घातली आहे. एखाद्या समूहात आलेला फोटो माणूस उतरवून घेतो, चार महिन्यांनी आपल्या गॅलरीत बघतो, आणि सहलीतल्या फोटोंबरोबर तोही ‘आपलाच’ वाटू लागतो. हे तपासता येतं. फोटोवर Forwarded असं लिहून आलं असेल तर तो दुसऱ्या संवादातून पुढे ढकललेला आहे हे उघड आहे. तसं लिहिलेलं नसलं म्हणून मात्र खात्री होत नाही, कारण उतरवून घेऊन पुन्हा पाठवला तर ती खूण राहत नाही. त्यापेक्षा मित्राला मूळ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि त्याच्या पोटात साठवलेली माहिती, म्हणजे काढल्याची तारीख, वेळ, मोबाइलचं मॉडेल, गळून जाते. तोच फोटो Document म्हणून किंवा ईमेलनं पाठवला तर ही माहिती सहसा टिकते. ज्यानं खरोखर काढला त्याच्याकडे मूळ मोठी फाइल असते आणि बहुधा त्याच मिनिटाला काढलेले आणखी पाचसहा फोटोही असतात. हे मागेपुढे काढलेले फोटो हा माझ्या मते सगळ्यात चांगला पुरावा. उचललेल्या फोटोला अशी भावंडं नसतात.

फोटो काढणाऱ्याचा हक्क, या नियमाला एक अपवाद आहे आणि तो घरोघरी लागू पडतो. आपण पैसे देऊन फोटो काढून घेतला, स्टुडिओत असो की लग्नात, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा, छायाचित्रकाराचा नाही. सतराव्या कलमात तसं म्हटलं आहे. म्हणून ज्यानं छायाचित्रकाराला ठरवलं आणि पैसे दिले त्याला लग्नाच्या अल्बममधल्या फोटोवरून चित्र काढून घ्यायला अडचण नाही. मात्र हल्ली लग्नाचे छायाचित्रकार छापील करारावर सही घेतात, तो कागद एकदा वाचावा. त्यात हक्क त्यांच्याकडे राहील असं वाक्य असेल तर तेच चालतं. याउलट, बारशाला आलेल्या हौशी मावशीनं फुकट काढलेले फोटो मावशीचेच. तिला साडी दिली म्हणून ते फोटो मोबदल्यासाठी काढले असं होत नाही. मोबदला ठरवून, आपल्या सांगण्यावरून फोटो काढलेला असावा लागतो.

आणि फोटो काढणारा हयात नसेल तर? हा प्रश्न मला वाड्यांच्या, जुन्या गावांच्या चित्रांवरून नेहमी विचारला जातो. हक्क मृत्यूबरोबर संपत नाही. तो वारसांकडे जातो आणि कर्त्याच्या निधनानंतरचं जे नवं वर्ष सुरू होतं तिथपासून ६० वर्षं चालतो. फोटोंसाठी पूर्वी वेगळं गणित होतं, फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनं ते कलम काढून टाकलं आणि फोटोही इतर कलाकृतींच्या रांगेत आले. तेव्हा दिवंगत मित्राच्या फोटोवरून चित्र काढून ते विकायचं तर त्याच्या पत्नीला, मुलांना विचारायला हवं. एरवीही आपण ते केलंच असतं, असं बहुतेक श्रोते म्हणतील. पण वारस तीन असतील तर तिघांना विचारायला हवं, हे सहसा सुचत नाही.

आता पुन्हा काकांकडे वळू. चित्र काढून त्यांनी दिवाणखान्यात लावलं, तर? तर काही बिघडलं नाही. खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला रास्त वापर कायद्याच्या बावन्नाव्या कलमात मोकळा ठेवला आहे. सरावासाठी कोणाच्याही फोटोवरून, अगदी मासिकातल्या फोटोवरूनही, घरी बसून चित्र काढा. हात असाच बसतो. पण ही मोकळीक घराच्या उंबरठ्यापर्यंतची आहे. चित्र फेसबुकवर टाकलं की ते लोकांपुढे गेलं. नगर वाचनालयाच्या सभागृहात तीन दिवसांच्या प्रदर्शनात लावलं की गेलं. तिथे ते सहा हजारांना विकलं, किंवा त्यावरून दिवाळीसाठी दोनशे कॅलेंडरं छापली, की वैयक्तिक वापराचा आधार राहिलाच नाही. ‘मी नफा कमावला नाही, छपाईचा खर्चच निघाला,’ हे म्हणणं शिक्षेच्या वेळी उपयोगी पडू शकतं, पण त्यानं परवानगीची गरज संपत नाही.

इथे हमखास एक गोष्ट पुढे येते. ‘तीस टक्के बदल केला की कॉपीराइट लागत नाही ना?’ कोणी वीस टक्के म्हणतं, कोणी सात बदल म्हणतं. असा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही. टक्के मोजणार तरी कसे, हा प्रश्न या सल्ला देणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

मग कायदा काय बघतो? आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात याचा पाया घालून दिला. तो खटला नाटक आणि चित्रपटाचा होता, पण तत्त्व सगळीकडे वापरलं जातं. कल्पना, विषय, घटना यांवर कोणाची मालकी नसते; मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कृती पाहणाऱ्या माणसाला ही त्याचीच नक्कल आहे असं स्वच्छ वाटलं, तर हक्कभंग झाला. कोकणकड्याला हे लावून बघा. कडा कोणाचा नाही. इंद्रवज्र कोणाचं नाही. ‘कड्यावरून दिसणारं इंद्रवज्र’ हा विषय उद्या शंभर चित्रकारांनी घेतला तरी पुतण्या काही म्हणू शकत नाही. पण पुतण्यानं पालथं पडून कड्याची किनार चौकटीत तिरकी आणली, वर्तुळ मधोमध न घेता डाव्या कोपऱ्यात ठेवलं, उजवीकडे ढगांमध्ये फट पडून खालचं हिरवं कोकण दिसण्याची नेमकी वेळ साधली. ही त्याची मांडणी. काकांनी तीच किनार, तोच कोपरा, तीच फट उचलली आणि आकाश मात्र जांभळं केलं, तर फोटो पाहिलेला माणूस चित्र पाहून म्हणणार, ‘अरे, हा तर तोच फोटो!’ तिथे जांभळ्या रंगाचा बचाव चालत नाही.

याच्या उलट, काकांनी पाच लोकांचे फोटो गोळा केले, ढग कसे भरतात आणि वर्तुळात रंग कोणत्या क्रमानं येतात ते त्यांतून समजून घेतलं, आणि मग कागदावर चारपाच लहान कच्ची रेखाटनं करून स्वतःची चौकट ठरवली, तर फोटो ही फक्त माहिती झाली. माहितीवर हक्क नसतो. कच्ची रेखाटनं जपून ठेवावीत, पुढे विचारणा झाली तर चौकट आपली आहे हे त्यांवरूनच दाखवता येतं. चित्रकलेचे जुने शिक्षक रेखाटनवहीचा आग्रह धरायचे त्यांच्या मनात कायदा नसणार, पण आज मला त्या वहीचा वकील म्हणून उपयोग होतो.

परवानगी किती काळजीपूर्वक घ्यावी याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथला कायदा वेगळा, तिथला निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण परिस्थिती काकांसारखीच आहे. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी १९८१ मध्ये गायक प्रिन्स यांचा फोटो काढला. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या मासिकाला त्यावरून चित्र करून हवं होतं. बाईंनी ४०० डॉलर घेऊन परवानगी दिली, ‘चित्रकाराला संदर्भ म्हणून, एकदाच’. चित्रकार होते अँडी वॉरहॉल. त्यांनी एका चित्रावर न थांबता एकूण सोळा केली. बाईंना पत्ताच नव्हता. २०१६ मध्ये प्रिन्स वारले, तेव्हा त्या मासिकाच्या मालक कंपनीनं वॉरहॉल यांच्या पश्चात चालणाऱ्या प्रतिष्ठानाला १०,००० डॉलर देऊन त्या सोळांतलं दुसरंच एक चित्र मुखपृष्ठावर छापलं. बाईंना काही मिळालं नाही, नावही आलं नाही. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल बाईंच्या बाजूनं लागला. मासिकात छापण्यासाठी प्रिन्सचं चित्र भाड्यानं देणं हाच बाईंच्या फोटोचाही व्यवसाय होता, तेव्हा शैली नवी आहे एवढ्यावर तो वापर रास्त ठरत नाही, असं न्यायालयाला वाटलं. मला त्यातला ‘एकदाच’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. १९८४ ची परवानगी खरी होती, लेखी होती. ती फक्त २०१६ ची नव्हती.

काकांनी पुतण्याकडून परवानगी घ्यायची ती अशीच नेमकी हवी. आपल्या कायद्यात परवाना लेखी असावा लागतो, तोंडी ‘घ्या की काका, त्यात काय’ पुरत नाही. मात्र २०१२ पासून परवान्याला सहीची अट राहिलेली नाही, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यानं २००० पासून संगणकावरच्या, मोबाइलवरच्या लिखाणाला लेखी म्हणून मान्यता दिली आहे. तेव्हा ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश अशा कामाला चालतो. स्टँपपेपरची आणि नोटरीची गरज नाही. हक्कच कायमचा लिहून घ्यायचा असेल तर गोष्ट निराळी, त्याला देणाऱ्याची सही लागतेच. पण हौशी माणसाला हक्क विकत घ्यायचे नसतात, वापरायची मुभा हवी असते.

संदेशात काय लिहावं? मी लोकांना साधारण असा मजकूर देतो: ‘हरिश्चंद्रगडावर तू स्वतः काढलेला, सोबत जोडलेला फोटो पाहून मी जलरंगात चित्र काढत आहे. ते चित्र प्रदर्शनात मांडायला, विकायला, फेसबुकवर टाकायला आणि त्याची कॅलेंडरं व शुभेच्छापत्रं छापून विकायला तुझी परवानगी हवी आहे. ही परवानगी दहा वर्षांसाठी, भारतात आणि परदेशात असावी, आणि मी वर्षभरात काही छापलं नाही तरी ती रद्द होऊ नये. मूळ छायाचित्र म्हणून तुझं नाव देईन. मोबदला म्हणून एक कॅलेंडर. मान्य असल्यास तसं लिही.’ पुतण्यानं उत्तरात ‘फोटो मीच काढला आहे, मान्य आहे’ असं लिहिलं की झालं. नुसता अंगठा पाठवला तर पुन्हा एकदा शब्दांत लिहायला सांगा.

यातलं मुदतीचं वाक्य उगाच घातलेलं नाही. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. आणि दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, उलट काही लिहिलेलं नसल्यास, तो संपला असं समजलं जातं. काकांची मुलगी टोरांटोला असेल आणि तिनं तिथल्या महाराष्ट्र मंडळात वीस कॅलेंडरं विकायला ठेवली, तर ‘परदेशात’ हा एक शब्द कामाला येतो.

इथपर्यंत फोटो ओळखीच्याचा होता. आता काकांना वाटलं, वर्तुळाच्या आत स्वतःची सावली दिसते ती नीट दाखवणारा आणखी एखादा फोटो हवा, आणि त्यांनी तो इंटरनेटवर शोधला. ‘कुठून घेतलात?’ असं विचारलं की नव्वद टक्के लोक सांगतात, ‘गुगलवरून.’ हा आकडा माझ्या अंदाजाचा, पण उत्तर हेच असतं. गुगल फोटोंचं दुकान नाही, ती दुकानांची यादी आहे. फोटो असतो कुठल्या तरी पानावर, आणि त्या पानावर जाऊन बघायचं असतं की तो टाकला कोणी आणि वापराबद्दल काय म्हटलं आहे. पुष्कळदा ते पानही उधारीचंच असतं, ‘फ्री वॉलपेपर’ लिहिलेल्या ठिकाणी दुसऱ्याचे फोटो सर्रास लावलेले असतात. तेव्हा फोटो Google Lens किंवा TinEye मध्ये टाकून उलटा शोध घ्यावा. सगळ्यात मोठ्या आकाराचा, सगळ्यात जुन्या तारखेचा आणि छायाचित्रकाराचं नाव असलेला सापडला, तर बहुधा तोच उगम.

फोटोवर वर्तुळातला C नाही, नाव नाही, पुसट शिक्का नाही, म्हणून तो मोकळा आहे असं समजू नये. स्वामित्वहक्काला नोंदणी लागत नाही आणि खूणही लागत नाही; शटर दाबलं की हक्क जन्मतो. छायाचित्रकार परदेशातला असला तरी आंतरराष्ट्रीय करारामुळे त्याचा हक्क इथे चालतो. आणि ‘साभार’ लिहिल्यानं काम भागत नाही. साभार म्हणजे आभार. परवानगी ही निराळी गोष्ट, ती आधी घ्यायची असते.

सगळंच बंद आहे असंही नाही. बरेच छायाचित्रकार स्वतःहून आगाऊ परवानगी देऊन ठेवतात, तिला ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ म्हणतात. विकिमीडिया कॉमन्सवरचे फोटो बहुतेक असे असतात, आणि गुगलच्या चित्रशोधातही Tools मध्ये Usage Rights इथे Creative Commons licenses निवडता येतं. गाळून आलेला फोटोसुद्धा मूळ पानावर जाऊन तपासावाच. फोटोखाली अक्षरं असतात, ती औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखी वाचायची. CC BY म्हणजे नाव द्या आणि हवं ते करा. त्यात SA असेल तर फोटोवरून केलेलं तुमचं चित्रही त्याच अटीवर इतरांना मोकळं करावं लागतं. चित्र विकता येतं, पण दुसऱ्यानं त्याची प्रत छापली तर अडवता येत नाही. NC असेल तर धंद्याचा वापर नाही, म्हणजे विक्रीचं कॅलेंडर नाही. आणि ND असेल तर फोटो आहे तसाच वापरायचा, बदललेली कृती लोकांपुढे आणायची नाही. चित्रकारानं ND पाहिलं की पुढे जावं. फोटो मोफत आहे, विकायलाही बंदी नाही, तरी त्याला तो निरुपयोगी आहे. CC0 म्हणजे काहीच अट नाही.

नाव द्यायची पद्धतही ठरलेली आहे. छायाचित्राचं शीर्षक, छायाचित्रकाराचं तिथे दिलेलं नाव, कुठे सापडलं ते, परवान्याची अक्षरं व आकडा, उदाहरणार्थ CC BY 4.0, आणि ‘या छायाचित्रावरून जलरंगात’ असे शब्द. कॅलेंडरच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत चालतं. एक मात्र ध्यानात ठेवा, हा परवाना फोटोपुरता असतो. फोटोत एखादी कोळीण किंवा शाळकरी पोर ओळखू येत असेल, तर तिच्या चेहऱ्याची परवानगी छायाचित्रकार देऊ शकत नाही. तो खाजगीपणाचा वेगळा विषय आहे. विक्रीच्या वस्तूवर अनोळखी माणसाचा ओळखू येणारा चेहरा मी तरी टाळायला सांगतो.

जुन्या चित्रांचं सोपं आहे. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला, त्यांवरून कोणीही चित्र काढावं, छापावं, विकावं.

एवढी काळजी घेऊनही नोटीस आली तर घाबरून जाऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. आधी चित्राची विक्री आणि फेसबुकवरचं दर्शन थांबवा. मग ज्याची नोटीस आहे त्यानं फोटो आपला असल्याचं काय दाखवलं आहे ते बघा. मूळ फाइल किंवा हक्क मिळाल्याचा कागद मागण्यात काही गैर नाही. जाणूनबुजून केलेला हक्कभंग हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी केलेला नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. हक्क आहे हे माहीत नव्हतं आणि तसं वाटण्याला रास्त कारणही नव्हतं हे दिवाणी दाव्यात सिद्ध झालं, तर नुकसानभरपाई सहसा मागता येत नाही. वापर थांबवण्याचा हुकूम आणि झालेल्या नफ्याचा वाटा, एवढंच राहतं. पण इंटरनेटवरून उचललेल्या फोटोच्या बाबतीत ‘मला वाटलं मोकळा असेल’ हे रास्त कारण म्हणून पटवणं कठीण जातं. हौशी लोकांची अशी प्रकरणं बहुतेक वेळा कोर्टाबाहेर, थोडे पैसे आणि नाव देऊन मिटतात.

काकांच्या पुतण्यानं लगेच ‘मान्य’ लिहून पाठवलं. काकांचं काम एवढंच उरलं की, तो संदेश तारखेसकट छापून घ्यायचा, कारण मोबाइल बदलला की जुने संवाद हमखास जातात. तो कागद रेखाटनांच्या वहीत ठेवायचा, आणि चित्र चौकटीत घालण्याआधी त्याच्या पाठीवर पेन्सिलनं फोटो कोणाचा, कधी घेतला आणि परवानगी कुठल्या तारखेची ते लिहायचं. शाईनं नको. शाई जलरंगाच्या कागदातून पुढे उतरते.